एक आयुष्य, तीन पुस्तके: विश्वकोश, आत्मचरित्र आणि अधिकृत चरित्र यांपैकी कोणाचे काय मानायचे?

वारणानगरमध्ये फिरताना दोन नावे सतत समोर येतात. महाविद्यालयाच्या फलकावर यशवंतराव चव्हाण, तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फलकावर तात्यासाहेब कोरे. एक राज्याचे पहिले मुख्यमंत्री, दुसरे वारणा खोऱ्यातील सहकाराचे जनक. दरवर्षी १२ मार्चला यशवंतरावांची जयंती येते. त्याच्या आदल्या रात्री भाषणाची तयारी करणारा विद्यार्थी मोबाइल उघडतो आणि तीन प्रकारचा मजकूर समोर येतो. मराठी विश्वकोशातील किंवा विकिपीडियावरील नोंद, यशवंतरावांचे स्वतःचे आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’, आणि संसदेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरील अधिकृत परिचय.

तिन्ही ठिकाणी माणूस एकच. तरीही जन्म कोणत्या जिल्ह्यात, मुख्यमंत्रिपद कोणत्या वर्षी, झेंडा लावला तेव्हा वय किती, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे जुळत नाहीत. मग जो मजकूर आधी सापडला तो भाषणात जातो. भाषण विसरले जाते, पण तीच चूक स्मरणिकेत छापली जाते, कोनशिलेवर कोरली जाते आणि स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गुण घालवते.

तिघांपैकी खरा कोण, असे विचारून हा गोंधळ सुटत नाही. प्रत्येक तपशिलापाशी थांबून ‘हे याला कसे कळले असेल?’ असे विचारले, तर बराचसा सुटतो. यशवंतरावांच्याच आयुष्यातील काही तपशील घेऊन ते पाहू.

तिघांत नेमका फरक काय?

विश्वकोशातील नोंद त्रयस्थ माणूस लिहितो आणि संपादक तपासतो. तिला जागा कमी असते, त्यामुळे जन्म, मृत्यू, शिक्षण, पदे, ग्रंथ एवढेच येते. नोंद करणारा सहसा स्वतः मूळ कागद धुंडाळत नाही. आधी छापलेल्या पुस्तकांतून तो माहिती घेतो. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि अनेक नोंदींना संदर्भही जोडलेले असतात. ती माहिती कुठून आली, हे तिथेच कळते.

आत्मचरित्र म्हणजे माणसाने स्वतःविषयी दिलेली साक्ष. मनात काय चालले होते, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. पण ही साक्ष बहुधा चाळीस-पन्नास वर्षांनी, आठवणीतून आणि स्वतःच्या बाजूने दिलेली असते.

अधिकृत चरित्र म्हणजे त्या व्यक्तीने, कुटुंबाने, संस्थेने किंवा सरकारने मान्य केलेले चरित्र. ते हजार पानांचे असेल किंवा संकेतस्थळावरील दहा ओळींचे. त्याच्या लेखकाला खासगी पत्रे आणि कार्यालयीन कागद पाहायला मिळतात. ही त्याची मोठी सोय. ज्यांनी कागद दाखवले त्यांना न रुचणारे लिहिणे अवघड जाते, ही त्याची अडचण.

जन्मतारीख: तीन साक्षी, पण मूळ एकच

यशवंतरावांची जन्मतारीख १२ मार्च १९१३ अशी दिली जाते. तीन ठिकाणी तीच तारीख दिसली की वाचकाला वाटते, तिघांनी दुजोरा दिला. इथे थोडे थांबायला हवे.

स्वतःच्या जन्माचा साक्षीदार कोणीच नसतो. आत्मचरित्रकाराला जन्मतारीख आईकडून, घरच्या वहीतून किंवा शाळेच्या दाखल्यातून कळते. संसदेच्या सदस्य-परिचयातील तारीख सदस्याने स्वतःच भरून दिलेल्या माहितीतून येते. विश्वकोशातील तारीख बहुतेक वेळा आधीच्या पुस्तकातून येते. म्हणजे तीन पुस्तके जुळली, तरी साक्ष एकाचीच असू शकते. पुस्तके किती आहेत यापेक्षा त्यांच्या मुळाशी स्वतंत्र नोंदी किती आहेत, हे मोजायला हवे.

त्या काळातील ग्रामीण महाराष्ट्रात ही शंका उगीच घेतली जात नाही. घरात कुणाचा जन्म कधी झाला, हे सणावरून, पेरणीवरून किंवा साथीवरून लक्षात ठेवले जाई. मूल शाळेत आले की मास्तर अंदाजाने तारीख लिहीत. महाराष्ट्रातील असंख्य आजी-आजोबांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे, तो यामुळेच. त्यामुळे जुन्या पिढीतील कोणाची जन्मतारीख १ जून दिसली, तर तो शाळाप्रवेशाचा अंदाज असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. १२ मार्च ही तशी ठोकळ तारीख नाही. म्हणून ती आपोआप सिद्ध होत नाही, पण मास्तरांनी सोयीसाठी लिहिली असेल, ही शंका मात्र कमी होते.

स्वतंत्र नोंद शोधायची तर कुठे? कुणबी दाखल्यांच्या निमित्ताने गावोगावी माहीत झालेले कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, इथे उपयोगी पडते. जुन्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी त्यात असतात आणि ती पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. मात्र शोधताना दोन गोष्टी अनेकांना अडवतात. पहिली, त्यात बाळाचे नाव बहुधा नसते, कारण बारसे नंतर होते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव एवढेच लिहिलेले असते. दुसरी, बाळंतपण माहेरी झाले असेल, तर नोंद आजोळच्या गावी सापडते. यशवंतरावांचे बालपण आणि राजकारण कराडशी जोडलेले, पण जन्म आजोळी, देवराष्ट्रे येथे. कराडची पुस्तके कितीही चाळली, तरी ती नोंद तिथे सापडणार नाही.

खांडेकरांचा वाढदिवस ११ की १९?

तिन्ही प्रकार जुळत नाहीत तेव्हा काय होते, याचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. ज्ञानपीठ विजेते वि. स. खांडेकर यांची जन्मतारीख काही ठिकाणी ११ जानेवारी १८९८, तर काही ठिकाणी १९ जानेवारी १८९८ अशी छापलेली आढळते. महिना तोच, वर्ष तेच, फरक एका आकड्याचा. मराठीतील १ आणि ९ हे आकडे हस्ताक्षरात किंवा पुसट छपाईत किती सारखे दिसतात, हे जुनी कागदपत्रे पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. असा फरक दोन वेगळ्या परंपरांमुळे पडतो, तसा एकदा चुकीचा वाचला गेलेला आकडा पुढे पन्नास जणांनी उतरवून घेतल्यामुळेही पडू शकतो. म्हणून ‘बहुतेक ठिकाणी अमुक तारीख आहे’ हा युक्तिवाद तारखेच्या बाबतीत फारसा कामाचा नसतो.

खांडेकरांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. त्यांचे जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. विश्वकोशातील नोंदीचे शीर्षक प्रसिद्ध नावाने असते, पण दत्तक जाण्यापूर्वीचा शाळेचा दाखला ‘विष्णू’ या नावाने शोधला तर मिळणार नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिका, टोपणनावाने लिहिणारे कवी, गावावरून आडनाव घेतलेली कुटुंबे, या सर्वांच्या बाबतीत हाच अनुभव येतो. कागद शोधताना त्या कागदाच्या काळातील नाव वापरावे लागते.

खांडेकरांचे ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपात आले. अशा पुस्तकाच्या बाबतीत एक प्रश्न वाढतो: शेवटचा हात कोणाचा फिरला? लेखक हयात नसताना निघालेल्या आत्मचरित्राची प्रस्तावना आणि संपादकाचे निवेदन म्हणूनच आधी वाचावे. मजकूर कोणी जुळवला, काय वगळले, हे तिथे कळण्याची शक्यता असते.

सातारा की सांगली? दोन्ही बरोबर

पुन्हा यशवंतरावांकडे. एका ठिकाणी लिहिलेले असते, जन्म सातारा जिल्ह्यात. दुसऱ्या ठिकाणी, सांगली जिल्ह्यात. मोबाइलवर वाचणाऱ्याला वाटते, कोणीतरी एक चुकला.

चुकलेले कोणीच नाही. १९१३ मध्ये देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे. विश्वकोशासारखा संदर्भग्रंथ आजच्या वाचकाला गाव सापडावे म्हणून आजचा जिल्हा लिहितो. आत्मचरित्रात माणूस आपल्या लहानपणचा जिल्हा सांगतो. जुन्या सरकारी परिचयात तो परिचय लिहिला गेला त्या वर्षीचा जिल्हा असतो.

हा फरक प्रशासकीय आहे. लिहिताना दोन्ही काळ सांगितले की भांडण मिटते: ‘देवराष्ट्रे, तत्कालीन सातारा जिल्हा, आताचा सांगली जिल्हा’. कोनशिलेसाठी किंवा स्मरणिकेसाठी हीच रचना सर्वांत सुरक्षित. जुने कागद शोधणाऱ्याने मात्र दोन्ही जिल्ह्यांची नावे जवळ ठेवावीत, कारण कोणते दप्तर विभाजनानंतर कुठे गेले, हे आधी सांगता येत नाही.

नावामागची गोष्ट फक्त आत्मचरित्रातच का भेटते?

‘यशवंत’ हे नाव कसे पडले, याची गोष्ट ‘कृष्णाकाठ’मध्ये येते. आईचे बाळंतपण अवघड झाले, देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वराला साकडे घातले गेले आणि त्यात यश आले म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवले, अशी ती आठवण.

ही गोष्ट कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही आणि विश्वकोशात तिला बहुधा जागा मिळणार नाही. म्हणून ती खोटी ठरते का? नाही. पण ती कोणत्या प्रकारची माहिती आहे, हे ओळखायला हवे. यशवंतराव त्या प्रसंगाचे साक्षीदार नव्हते. घरातल्या मोठ्यांनी जे सांगितले, ते त्यांनी लिहिले. म्हणून भाषणात ‘असे घडले’ म्हणण्यापेक्षा ‘घरात अशी आठवण सांगितली जाई, असे यशवंतरावांनी लिहिले आहे’ असे म्हणणे अधिक नेमके. शब्द चार वाढतात, पण ऐकणाऱ्याला कळते की हे कोणाच्या तोंडून आले.

लहानपणी वडील गेल्याचा प्रसंगही असाच तपासता येतो. यशवंतरावांचे वडील बळवंतराव हे बेलिफ होते आणि प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले. तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. त्यानंतर घरावर आलेली ओढग्रस्त आणि आई विठाई यांनी ती कशी पेलली, याबाबत मुलाचा अनुभव हाच उत्तम पुरावा, कारण तो ते जगला. पण निधनाचे नेमके वर्ष हवे असेल, तर लहान मुलाच्या आठवणीपेक्षा मृत्यूची नोंद आणि न्यायालयाची नोकरपत्रके भरवशाची. एकाच परिच्छेदातील दोन वाक्यांची विश्वासार्हता अशी वेगवेगळी असते.

झेंडा लावला तेव्हा वय किती? वजाबाकी करून पाहा

२६ जानेवारी १९३२. कराडमध्ये झेंडावंदन केल्याबद्दल यशवंतरावांना अटक झाली आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. भाषणांत हा प्रसंग हमखास येतो आणि त्यासोबत वयाचा आकडा येतो. कोणी सतरा म्हणते, कोणी एकोणीस.

इथे ग्रंथालयात जावे लागत नाही. १२ मार्च १९१३ पासून १२ मार्च १९३१ पर्यंत अठरा वर्षे पूर्ण होतात. तिथून २६ जानेवारी १९३२ पर्यंत आणखी सुमारे साडेदहा महिने. म्हणजे वय अठरा पूर्ण, एकोणीस नाही. नुसते १९३२ वजा १९१३ केले की एकोणीस येते आणि वाढदिवस मार्चमध्ये आहे, हे विसरले जाते. जयंती-पुण्यतिथीच्या लेखांतील वयाच्या बऱ्याच चुका अशाच होतात. सतरा हा आकडा तर या जन्मतारखेशी कोणत्याही हिशेबाने जुळत नाही.

आता प्रसंगाचा तपशील. ‘कृष्णाकाठ’ प्रसिद्ध झाले १९८४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. त्या दिवशी छातीत काय धडधडले, तुरुंगात कोण भेटले, कोणत्या पुस्तकांनी विचार बदलले, हे ऐकायचे तर आत्मचरित्राला पर्याय नाही. पण अटकेचा दिवस, कलम, शिक्षेची मुदत आणि सुटकेची तारीख यांसाठी त्याच वेळी लिहिला गेलेला कागद वरचढ ठरतो. न्यायालयाचा निकाल, तुरुंगाची नोंदवही, त्या आठवड्यातील वृत्तपत्र, मुंबई सरकारच्या गृहखात्याच्या फायली. मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात त्या काळातील सरकारी कागद जपलेले आहेत.

या कागदांनाही बाजू असते. इंग्रज सरकारची फाइल आंदोलकाला ‘उपद्रवी’ म्हणेल, आंदोलक स्वतःला सत्याग्रही म्हणेल. तारीख फाइलमधून घ्यावी, पण हेतूचा निवाडा तिच्यावर सोपवू नये.

मुख्यमंत्री कधी झाले? १९५६ की १९६०?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना छळणारा हा प्रश्न. एका ठिकाणी १९५६, दुसऱ्या ठिकाणी १९६०.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्याचे मुख्यमंत्रिपद यशवंतरावांकडे आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि ते त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणून ‘मुख्यमंत्री कधी झाले’ याचे उत्तर १९५६ आणि ‘महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कधी झाले’ याचे उत्तर १९६०. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धाच्या काळात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

पदे, शपथविधी, कार्यकाळ या बाबतीत अधिकृत परिचय सर्वांत मजबूत असतो, कारण त्यामागे राजपत्र आणि विधिमंडळाच्या नोंदी असतात. विश्वकोशातील नोंदही इथे चांगली, फक्त ती कधी लिहिली गेली हे पाहावे. छापील विश्वकोश अक्षरक्रमाने निघतो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि ‘च’ हे अक्षर सुरुवातीच्या खंडांतले. ते छापले गेले तेव्हा यशवंतराव हयात होते. पुढे १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले, १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. यातील काहीही त्या दशकातील छापील खंडात असू शकत नाही. ऑनलाइन आवृत्तीत भर घालता येते, पण घरातल्या कपाटातील खंड तिथेच थांबलेला असतो. म्हणून कोणतीही नोंद उतरवण्यापूर्वी खंडाचे प्रकाशनवर्ष पाहावे. विकिपीडियावर हेच काम ‘इतिहास पहा’ हा दुवा करतो. कोणता आकडा कधी आणि कोणी बदलला, हे त्यात दिसते.

सर्वांत वादाच्या काळात आत्मचरित्र गप्प

यशवंतरावांच्या आयुष्यातील सर्वांत वादळी काळ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे नाव घेतील. एकीकडे आंदोलक, दुसरीकडे मुख्यमंत्री यशवंतराव. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय होते, हे त्यांच्याच शब्दांत वाचावे म्हणून कोणी ‘कृष्णाकाठ’ उघडले, तर हाती काहीच लागत नाही. ते पुस्तक १९४६ पाशी थांबते. मुंबई आणि दिल्लीतील वर्षांवर पुढचे भाग लिहिण्याचा त्यांचा मनोदय होता. तो पुरा झाला नाही, कारण पहिला भाग आला त्याच वर्षी ते गेले.

म्हणून आत्मचरित्र हाती घेतले की पहिला प्रश्न विचारावा: हे कोणत्या वर्षापाशी संपते? १९५६ ते १९६० या काळाबद्दल कोणी ‘यशवंतरावांनी कृष्णाकाठमध्ये म्हटले आहे’ असे सांगू लागले, तर तो संदर्भ तपासल्याशिवाय घेऊ नये.

ही पोकळी दोन प्रकारे भरता येते. एक, त्या काळात त्यांनी केलेली भाषणे. ‘सह्याद्रीचे वारे’ या संग्रहात मुख्यमंत्री असतानाची भाषणे आहेत. ती त्या त्या दिवशी बोललेली आहेत, नंतर आठवून लिहिलेली नाहीत. दोन, समोरच्या बाजूच्या लोकांची आत्मचरित्रे. आंदोलनातील नेते आचार्य अत्रे यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ आणि एस. एम. जोशी यांचे ‘मी एस. एम.’ यांत त्या पिढीच्या राजकारणाची दुसरी बाजू भेटते. आत्मचरित्राचा एकांगीपणा असा दुसऱ्या आत्मचरित्राने तोलता येतो. दोघांनीही मान्य केलेली गोष्ट भरवशाची. ज्या गोष्टीवर दोघे भांडतात, ती नाव घेऊन, ‘अमुकांच्या मते’ असे म्हणूनच लिहावी.

अधिकृत चरित्र कसे वाचायचे?

अधिकृत म्हणजे अचूक, असा समज आहे. खरे तर अधिकृत म्हणजे परवानगी असलेले.

या परवानगीचा फायदा मोठा असतो. जवाहरलाल नेहरूंचे तीन खंडांचे चरित्र लिहिणारे सर्वपल्ली गोपाल यांना नेहरूंचे खासगी कागद पाहता आले. त्यामुळे त्या चरित्रात अशी पत्रे आली जी बाहेरच्या अभ्यासकाला तेव्हा दिसतही नव्हती. त्याच वेळी गोपाल यांचा नेहरूंविषयीचा आदर लपून राहत नाही, अशी टीकाही झाली. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकाबद्दल खऱ्या असू शकतात. म्हणून त्यात छापलेले पत्र पुरावा म्हणून घ्यावे आणि त्यावरचे मत हे लेखकाचे मत म्हणून घ्यावे.

लहान अधिकृत परिचयात मात्र पत्रे नसतात, फक्त पदांची यादी असते. तिथे चूक ओळखण्याची खूण वेगळी. यादीत मोकळी पडलेली वर्षे शोधावीत. पक्ष बदलला, निवडणूक हरली, पद सोडावे लागले, भावाभावांत वाद झाला, अशी वर्षे परिचयातून हलकेच गळतात. लिहिलेले प्रत्येक वाक्य खरे असते, पण एक पायरी नसते. आधी एक पक्ष, तीन वर्षांनी दुसरा पक्ष आणि मध्ये काहीच नाही, असे दिसले की त्या वर्षांची वृत्तपत्रे उघडावीत.

वारणा खोऱ्यात हे कसे वापरायचे?

यशवंतरावांवर पुस्तके भरपूर आहेत. मुंबईच्या चव्हाण प्रतिष्ठानने आणि कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकाने त्यांचे साहित्य जपले आहे. पण सहकारातील बहुतेक कार्यकर्त्यांच्या वाट्याला एवढे लेखन येत नाही. गावातल्या दूध संस्थेच्या किंवा सोसायटीच्या संस्थापकाबद्दल मोबाइलवर शोधले, तर पहिला मजकूर बहुधा संस्थेच्याच संकेतस्थळाचा किंवा स्मरणिकेचा असतो. म्हणजे अधिकृत चरित्रच. विकिपीडियावर नोंद असली, तरी ती अनेकदा त्याच मजकुरावरून उतरवलेली असते. वाचकाला दोन आधार दिसतात, प्रत्यक्षात एकच असतो.

अशा वेळी सहकारी संस्थेचे स्वतःचे कागद कामी येतात. साखर कारखान्याचेच घ्या. ‘कारखाना कधी सुरू झाला’ या एका प्रश्नाला किमान तीन उत्तरे असतात: नोंदणी झाली ते वर्ष, पायाभरणी झाली ते वर्ष आणि पहिला गळीत हंगाम झाला ते वर्ष. यांत काही वर्षांचे अंतर पडू शकते. एका स्मरणिकेत पहिले वर्ष, दुसऱ्या लेखात तिसरे वर्ष आणि रौप्यमहोत्सव मात्र मधल्याच हिशेबाने, असे सहज होते. नोंदणीची तारीख नोंदणी प्रमाणपत्रावर असते. पहिल्या हंगामाचे गाळप त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात असते. कोण कधी अध्यक्ष झाले, हे सभेच्या इतिवृत्तात असते. हे अहवाल सभासदांना सर्वसाधारण सभेआधी वाटले जातात, त्यामुळे जुन्या सभासदांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत ते आजही सापडू शकतात.

ज्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, त्यांच्याबाबत त्यांच्यासोबत काम केलेल्या माणसांची आठवण हा एकमेव आतला आवाज उरतो. ती नोंदवताना सांगणाऱ्याचे नाव, तेव्हाचे त्याचे वय आणि सांगितल्याची तारीख लिहून ठेवली, तर पुढच्या माणसाला ‘हे याला कसे कळले’ या प्रश्नाचे उत्तर मिळते.

शेवटी, वहीच्या एका पानावर

भाषण किंवा लेख लिहिण्याआधी वहीवर चार रकाने आखावेत. पहिल्यात तपशील, दुसऱ्यात तो कुठे वाचला, तिसऱ्यात ते पुस्तक किंवा पान कोणत्या वर्षीचे, चौथ्यात लिहिणाऱ्याला ते कसे कळले. यशवंतरावांचे पान असे दिसेल.

जन्म १२ मार्च १९१३: पुस्तके अनेक, मूळ कुटुंब किंवा शाळा, स्वतंत्र नोंद देवराष्ट्रेच्या दप्तरात शोधायची. जन्मगाव देवराष्ट्रे: तेव्हा सातारा, आता सांगली. नावाची गोष्ट: कृष्णाकाठ, १९८४, घरातून ऐकलेली. झेंडा आणि शिक्षा: १९३२, वय अठरा पूर्ण, भावना आत्मचरित्रातून, तारखा त्या काळच्या कागदांतून. मुख्यमंत्री: १९५६ द्वैभाषिक मुंबई, १९६० महाराष्ट्र, आधार सरकारी नोंद. संयुक्त महाराष्ट्राचा काळ: आत्मचरित्रात नाही, भाषणे आणि विरोधकांची पुस्तके पाहायची.

चौथा रकाना जिथे रिकामा राहतो, ती ओळ भाषणात ‘असे सांगितले जाते’ या तीन शब्दांनी सुरू करावी. कोनशिलेवर मात्र ती मुळीच कोरू नये.